एकच नाव, सगळीकडे : युजरनेम निवडताना

माझ्या मावसबहिणीचं डी.एल.एड. यंदा पूर्ण झालं. खाजगी शाळांमध्ये अर्ज करायचे म्हणून तिने बायोडाटा तपासायला माझ्याकडे पाठवला. मार्क चांगले, अक्षरजुळणीही नीट, पण ईमेलच्या जागी कॉलेजच्या पहिल्या वर्षी मैत्रिणींनी काढून दिलेला पत्ता होता, त्यात "क्युट" होतं आणि जन्मवर्षही. "ताई, मेल तर पोचतोच ना?" असं ती म्हणाली. पोचतो हे खरं, पण मुख्याध्यापक तो पत्ता वाचतात, कुणाला तरी फोनवर सांगतात. शिवाय जन्मवर्ष विनाकारण सगळ्यांना कळतं.

मग आम्ही वही घेऊन बसलो. बहिणीचं खरं नाव इथे देत नाही, उदाहरणासाठी वैशाली दत्तात्रय शिंदे असं नाव धरू.

आधी अडचण समजून घेऊ. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आहेत. जीमेलला किमान 6 अक्षरं लागतात आणि अंडरस्कोर चालत नाही. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, जास्तीत जास्त 15 अक्षरं बसतात, तिथे अंडरस्कोर चालतो पण टिंब चालत नाही. इन्स्टाग्रामवर दोन्ही चालतात. म्हणजे सगळीकडे बसेल असं नाव हवं असेल तर 6 ते 15 इंग्रजी अक्षरं घ्यायची, टिंब नाही, रेघ नाही. ही चौकट धरली की निम्मं काम झालं.

`vaishalishinde` यात 14 अक्षरं आहेत, पण एवढं सरळ नाव बहुतेक आधीच कुणीतरी घेतलेलं असतं. वडिलांचं पूर्ण नाव घातलं तर 23 अक्षरं होतात, एक्सवर बसणार नाहीत. फक्त आद्याक्षर घातलं तर `vaishalidshinde`, बरोबर 15. मध्ये टिंब टाकून `vaishali.d.shinde` केलं तरी जीमेलच्या दृष्टीने तो पत्ता तोच राहतो, कारण जीमेल टिंब मोजतच नाही. त्यामुळे नाव मिळालं नाही तर टिंब टाकून नवीन मिळेल ही आशा सोडावी.

इथे आपल्याकडचा एक प्रश्न येतो. लग्नानंतर आडनाव बदललं तर? हे ज्याचं त्याने ठरवायचं, पण आधी ठरवायचं. ज्यांना बदलायची शक्यता वाटते त्यांनी आडनाव न घेता नाव आणि वडिलांचं नाव जोडावं, जसं `vaishalidatta`. स्पेलिंग मात्र दहावीच्या मार्कशीटवर आहे तेच ठेवावं. एकीकडे `Vaishali` आणि दुसरीकडे `Vaishalee` असेल तर शोधणाऱ्याला दोन माणसं वाटतात.

आकडा घालावाच लागला तर जन्मवर्ष नको. शून्य आणि एकही नको, ते `o` आणि `l` सारखे दिसतात.

असे चार पर्याय लिहून मगच तपासायला बसावं. सुरुवात जीमेलपासून करावी, कारण तिथे नाव मिळणं सगळ्यात कठीण. कुणी वापरून बंद केलेलं नाव तिथे पुन्हा मिळत नाही, आणि आधीच्या नावाशी फार मिळतंजुळतं असेल तरी नाकारलं जातं. इन्स्टाग्रामवर नाव शोधून पान दिसलं नाही म्हणजे ते मोकळं आहे असं समजू नये, बंद केलेल्या खात्याकडेही नाव अडकलेलं असतं. खातं उघडायच्या फॉर्ममध्ये टाकून पाहिलं तरच कळतं. लिंक्डइन आपल्या नावापुढे स्वतःच काही अक्षरं-आकडे जोडून पत्ता देतं, तो प्रोफाइलमध्ये जाऊन बदलता येतो. बहिणीचा तिसरा पर्याय सगळीकडे मिळाला आणि त्याच दिवशी तिने तो घेऊन टाकला. चार दिवस थांबलं तर एखाद्या ठिकाणी तो जाऊ शकतो. नोकरीच्या साइटवर मग हाच नवा ईमेल द्यायचा.

दोन गोष्टी मी तिला बजावून सांगितल्या. जुना ईमेल बंद करू नकोस. टीईटीसारख्या परीक्षांचे फॉर्म ज्या ईमेलने भरले, त्यावरच पुढे सूचना येऊ शकतात. तो नव्या पत्त्यावर फॉरवर्ड कर आणि अधूनमधून उघडत जा, कारण दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं.

आणि दुसरं असं की नाव सगळीकडे एकच असलं तरी पासवर्ड प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा. एका नावाने सगळं सापडतं, हाच त्याचा फायदा आणि हाच तोटा. सहलीचे, घरचे फोटो टाकायचं खातं हवं असेल तर ते वेगळ्या नावाने काढावं आणि खाजगी ठेवावं. आपली मुलं दहावी-बारावीनंतर पहिला ईमेल काढतात, तेव्हा पालकांनी वही घेऊन त्यांच्याजवळ अर्धा तास बसलं तरी पुरे.