आठव्या घरातला मंगळ

पत्रिका पाहिल्यावाचून मुलीचे लग्न ठरवावयाचे नाही, हा आमच्या घरातील जुना दंडक. आणि पत्रिकेवर माझा विश्वास नाही, हे मी तितकीच वर्षे बोलून दाखवीत आलो, हा त्याच घरातील जुना तंटा. तो तंटा निरुपद्रवी आहे अशी माझी समजूत होती. पत्नीच्या भाचीच्या लग्नाने ती दूर केली.

भाची घोडेगावची, मुलगा नारायणगावचा. मुलामुलीची पसंती झालेली, साखरपुड्यास पंधरा दिवस उरलेले. अशा वेळी एका ज्योतिषीबुवांनी सांगितले की, मुलीच्या पत्रिकेत मंगळ अष्टमात आहे. स्त्रीच्या पत्रिकेतील अष्टमस्थान सौभाग्याचे मानतात. तेथे मंगळ म्हणजे नवऱ्याच्या जिवास धोका, असा अर्थ घरातील बायकांनी न सांगताच ओळखला.

मी हसलो. लग्नस्थानापासून १, ४, ७, ८ व १२ या घरांत मंगळ असला की मंगळदोष. तेव्हा बारांपैकी पाच घरे दोषाची, म्हणजे ढोबळ मानाने शंभरांत बेचाळीस माणसे मंगळाची! एवढे गणित ऐकवून मी वर्तमानपत्र उघडले. पत्नी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कळले की, दोघी बहिणींनी जन्मवेळ थोडी मागेपुढे करून दुसरी पत्रिका करून घेण्याचा विचार चालविला आहे. माझ्या हसण्याने भीती गेली नव्हती. ती फक्त माझ्यापासून लपली होती.

त्या रात्री मी गणित बाजूस ठेवले आणि तुला नेमके कशाचे भय वाटते, एवढेच विचारले. तिची एक मावशी ऐन तारुण्यात विधवा झाली होती. सासरच्यांनी तिला जन्मभर "मंगळाची" म्हणून हिणविले. भय ग्रहाचे नव्हते. उद्या काही बरेवाईट झाले तर बोट पोरीकडे दाखविले जाईल, याचे होते. आणि ते भय खोटे नव्हते.

मग आम्ही दोघांनी मिळून पत्रिका पुढे घेतली. जन्म मेच्या मध्यावरचा, वेळ सायंकाळी सात वाजून पाच मिनिटे. वृश्चिक लग्न, पण जेमतेम एक अंश उगवलेले. मंगळ मिथुनेत, म्हणून आठवा. ही वेळ कोणी लिहिली? आजीने, दिवेलागणीच्या आठवणीवरून. लग्नाचा एक अंश सुमारे चार मिनिटांत सरकतो. मूल दहा मिनिटे आधी जन्मले असते, तर लग्न तूळ होऊन तोच मंगळ नवव्या घरात गेला असता आणि दोष उरला नसता. यावरून मुलगी निर्दोष ठरत नाही, हे मी स्पष्ट सांगितले. जिच्यावर एवढे भय टांगले ती खुंटी किती लहान आहे, एवढेच ठरते.

तिनेच पुढे विचारले, कोणी हे शास्त्र तपासून पाहिले आहे काय? तेव्हा मी डॉ. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली पुण्यात केलेला प्रयोग सांगितला. हुशार मुलांच्या शंभर व मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिकांतून प्रत्येक ज्योतिषाकडे चाळीस पाठविल्या. उत्तरे सत्तावीस जणांनी दिली. बरोबर आली ती शेकडा सुमारे ४६. नाणे उडविले असते तरी निम्मी जुळली असती. हेच मी पहिल्या दिवशी सांगितले असते, तर तिने कान झाकले असते.

वेळ बदलण्याचा बेत तिने आपण होऊन सोडला. लपविलेली गोष्ट पुढे उघडी पडली, तर मुलास आलेला साधा तापही फसवणुकीचा पुरावा झाला असता. आम्ही साखरपुड्यापूर्वीच नारायणगावी गेलो. निरोप मध्यस्थाकरवी धाडला नाही. दोन्हीकडची वडीलमंडळी व ती दोघे मुले एका बैठकीत असताना मूळ पत्रिका पुढे ठेवली, आजीच्या आठवणीची गोष्टही सांगितली, आणि आठ दिवस विचार करा म्हटले. उपाय मात्र आम्ही सुचविला नाही. आपण होऊन उपाय सुचविणे म्हणजे रोग कबूल करणे.

आठव्या दिवशी विहीणबाईंचा निरोप आला: शांत करावी, आणि कोणी सांगतात म्हणून कुंभविवाहही. शांतीस आम्ही रुकार दिला. कुंभविवाहाविषयी भाचीला विचारले. तोपर्यंत तिला कोणी काहीच विचारले नव्हते, मीसुद्धा नाही. मडक्याशी लग्न लावून घेणार नाही, असे ती शांतपणे म्हणाली, आणि मुलाने तिची बाजू घेतली. तेथे तो विषय संपला.

लग्न झाले. पत्नीचे भय गेले, असे मी म्हणणार नाही. जावयास ताप आला की ती अजूनही पंचांगाकडे पाहते. मात्र तापाची बातमी तिला विहीणबाईच कळवितात, आणि दोघी मिळून काळजी करतात.