पटकथा मराठी, सारांश इंग्रजी

लघुपट महोत्सवाकडे पाठवताना त्याच्यासोबत जे थोडे लिखित साहित्य द्यावे लागते, त्यात दोन गोष्टी कधीच चुकत नाहीत. एक लॉगलाइन, म्हणजे कोणाला काय हवे आहे, आड काय येते आणि ते न मिळाल्यास काय गमवावे लागेल हे पंचवीस-तीस शब्दांच्या एकाच वाक्यात सांगणारा मजकूर. आणि दुसरा सारांश, ज्यात तीच गोष्ट पन्नास ते अडीचशे शब्दांत, शेवटासह, घडल्या क्रमाने मांडलेली असते. FilmFreeway सारख्या संकेतस्थळावर प्रवेशिका भरताना ‘Brief Synopsis’ या नावाची एक चौकट समोर येते आणि मराठीत लिहिलेली, मराठीत चित्रित झालेली, मराठीतच संकलित केलेली गोष्ट तिथे इंग्रजीत उतरवावी लागते. हे काम बहुधा अखेरच्या मुदतीच्या रात्री, चमूतल्या ज्याचे इंग्रजी बरे आहे त्याच्यावर सोपवले जाते आणि तो पटकथेच्या पहिल्या पानापासून भाषांतर करू लागतो. गोंधळाला सुरुवात तिथेच होते.

कारण मराठी पटकथा ज्या वाचकासाठी लिहिलेली असते, त्याला पुष्कळ काही आधीच ठाऊक असते आणि ते ठाऊक आहे हे लेखकालाही ठाऊक असते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ घेतला, तर कैकाडी कुटुंबातल्या जब्याला गावात डुकरे पकडायला लागण्याची इतकी लाज का वाटते, हे मराठी प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. शाळेतल्या शालूने ते पाहू नये म्हणून त्याची चाललेली धडपड पाहताक्षणी उमगते. हीच गोष्ट ‘एका गरीब मुलाचे एका मुलीवर प्रेम असते’ अशी इंग्रजीत गेली, तर वाचणाऱ्याला ती कुठल्याही देशातली पौगंडावस्थेतील प्रेमकथा वाटेल, कारण जातीने नेमून दिलेले काम हा जो खरा अडथळा, तोच वाक्यातून गळलेला असेल. लॉगलाइन लिहिणे म्हणजे पटकथेत न लिहिलेला, पण तिला धरून ठेवणारा हा कारणभाग शोधून काढणे होय, आणि त्यामुळे ते भाषांतराचे काम कमी, उलगड्याचे जास्त असते.

हे एका कल्पित पटकथेवरून तपासून पाहता येते. समजा, सोलापुरात घडणाऱ्या चौदा पानी पटकथेत, जी पडद्यावर साधारण तेवढ्याच मिनिटांची होईल, बिडी वळणारी एक आई आणि दहावीत शिकणारी तिची मुलगी आहे. आईची नजर अधू झाली असून पानाची शीर आणि कात्रीची धार तिला आता दिसत नाही. म्हणून पहाटे उठून तेंदूपाने भिजवणे, ती मापात कापणे, तंबाखू भरून वळणे आणि दोऱ्याने बांधणे हे सगळे मुलगी करते, आणि आई तयार कट्टे कारखान्याच्या शाखेत नेऊन आपल्या नावावर जमा करते. एके दिवशी तपासनीस सांगतो की, सोमवारी सकाळी आईने शाखेत बसून त्याच्यासमोर बिड्या वळून दाखवाव्यात. सोमवारीच मुलीचा दहावीचा पहिला पेपर आहे. पटकथेत घरातली बोली तेलुगू, शाखेतली मराठी, असा सोलापूरच्या पूर्व भागातला नेहमीचा व्यवहार आहे.

या पटकथेची पहिली इंग्रजी लॉगलाइन कशी उतरते, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. ती ‘धिस इज अ स्टोरी ऑफ’ने सुरू होते, मग सोलापूर शहराचे आणि बिडी उद्योगाचे वर्णन येते, मग गरिबी, स्त्रियांचे कष्ट, शिक्षणाचे महत्त्व यांचा उल्लेख होतो, आणि वाक्याच्या टोकाला, श्वास संपत आल्यावर, आई व मुलगी अवतरतात. मराठी निवेदनाची ही ओळखीची घडण आहे: आधी परिस्थिती, मग माणूस, सर्वांत शेवटी क्रिया. मराठीत ती कानाला जड वाटत नाही, कारण क्रियापद शेवटी येणार हे गृहीतच असते. इंग्रजी वाचक मात्र कर्ता आणि त्याची कृती लवकर मिळावी अशा अपेक्षेने वाचतो, आणि एकामागून एक प्रवेशिका वाचणारा निवडकर्ता दुसऱ्या ओळीपर्यंत वाट पाहीलच असे नाही.

दुसऱ्या खेपेस वाक्य माणसापासून सुरू होते: अधू नजरेच्या आईच्या नावावर गुपचूप बिड्या वळणाऱ्या मुलीला, कारखाना आईची परीक्षा घ्यायचे ठरवतो तेव्हा, स्वतःचा दहावीचा पेपर आणि आईचे काम यांतून एकाची निवड करावी लागते. इंग्रजीत हे तीस शब्दांच्या आत बसते. शहराचे नाव, गरिबी, कष्ट यांतले काहीच त्यात राहिलेले नाही आणि तरी गरिबी दिसते, कारण ती निवडीतच आहे. मात्र आता एक वेगळी अडचण उभी राहते. अल्पवयीन मुलगी बिड्या वळते एवढे वाचताच परदेशी निवडकर्ता या लघुपटाला बालमजुरीवरचा चित्रपट म्हणून एका खणात टाकेल, आणि चित्रपट पाहताना मालकाचा क्रूरपणा शोधत बसेल, जो पटकथेत नाहीच. या पटकथेचा गाभा नाव आणि हात यांच्या फारकतीत आहे: काम एकीच्या नावावर चालते आणि दुसरीच्या हातांनी होते. म्हणून ‘गुपचूप’ या शब्दावर भार हवा आणि पारड्याच्या दोन बाजू, पेपर व आईचे काम, सारख्या वजनाच्या हव्यात. ‘शोषण’ हा शब्द वाक्यात आला की हा तोल गेलाच म्हणून समजावे.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो सोलापूरबाहेरचा, म्हणजे पुण्याचाही वाचक विचारील: आईने ते काम सोडून का देऊ नये? मिळणारी मजुरी तुटपुंजी आहे, नजर अधू झाली आहे, मुलगी उद्या शिकून नोकरीला लागेल. याचे उत्तर ओळखपत्रात आहे. बिडी कामगार म्हणून नोंद असली, तर भविष्यनिर्वाह निधी, कामगार कल्याण यंत्रणेचा दवाखाना आणि मुलांची शिष्यवृत्ती यांच्याशी त्या घराचे नाते जुळते. शहरालगत कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने उभी राहिलेली महिला बिडी कामगारांची वसाहत पाहिली, की या नोंदीची किंमत रोजच्या मजुरीपेक्षा किती मोठी आहे हे कळते. पटकथेतल्या मुलीची शिष्यवृत्तीही आईच्या याच नोंदीवर चालते, म्हणजे जे ओझे तिला अभ्यासापासून ओढते, त्यावरच तिचा अभ्यास टिकून आहे. ही गाठ लॉगलाइनमध्ये मावत नाही. ती सारांशाच्या दुसऱ्या वाक्यात, एका उपवाक्याने, सांगायची असते. बिडी म्हणजे पानात तंबाखू गुंडाळून हाताने वळलेली सिगारेट, एवढा खुलासाही तिथेच दोन-चार शब्दांत उरकावा. वळण्याच्या कृतीचे वर्णन मात्र कितीही रंगतदार वाटले तरी सारांशात नको, ते पडद्यावर दिसणारच आहे.

इथे एक मोह आवरावा लागतो. समजा, शिष्यवृत्तीची ही गाठ लेखकाच्या मनात आहे, पण चौदा पानांत एकाही प्रसंगात ती दिसत नाही. असे असेल तर ती सारांशात लिहून भागत नाही. सारांश वाचून चित्रपट पाहणाऱ्याला जे वचन दिले गेले ते पडद्यावर सापडत नाही, आणि ही तफावत निवड समितीच्या चटकन लक्षात येते. पटकथेच्या टप्प्यावरच इंग्रजी लॉगलाइन लिहून पाहण्याचा खरा उपयोग हाच, की उणीव चित्रीकरणाआधी सापडते: इथे शिष्यवृत्तीच्या अर्जावर आईच्या ओळखपत्राची नक्कल जोडण्याचा अर्ध्या पानाचा प्रसंग घातला, तरी काम भागते. चित्रीकरणानंतर ही उणीव कळली, तर तिची भरपाई सारांशात करू नये, हे बरे.

शेवट सांगायचा की नाही, याबद्दल आपल्याकडे संकोच दिसतो, आणि तो समजण्याजोगा आहे, कारण गोष्टीचा शेवट फोडू नये अशी आपली वाचनसंस्कृती आहे. परंतु निवडकर्त्यासाठी लिहिलेला सारांश ही जाहिरात नव्हे. ‘मुलगी काय निवडेल?’ असा प्रश्न टाकून थांबलेला सारांश वाचणाऱ्याला उत्सुकता वाटत नाही, शंका वाटते: दिग्दर्शकाला शेवट जमला आहे की नाही? ‘फँड्री’चा सारांश लिहायचा, तर जब्याने अखेरीस भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो, हे सांगण्यावाचून गत्यंतर नाही, तो दगड वगळला तर चित्रपटाची भूमिकाच वगळली जाते. कल्पित पटकथेत आई मुलीला न सांगता एकटीच शाखेत जाते, बोटांनी चाचपत तपासनिसासमोर वळत बसते, तिच्या निम्म्या बिड्या बाद ठरतात, आणि नोंदवहीतले आपले नाव खोडले जाण्याआधी ती स्वतःच आपले कामाचे पासबुक परत मागते, तर शाळेत मुलगी पेपर लिहीत असते आणि तिला यातले काहीच माहीत नसते. हे सगळे वर्तमानकाळात, दोन वाक्यांत, विशेषणांशिवाय लिहावे. ‘हृदयस्पर्शी’, ‘संदेश देणारा’ हे शब्द आले, की तिथे लेखक प्रेक्षकाचे काम स्वतःच करू लागला आहे असे समजावे.

उरलेल्या गोष्टी किरकोळ, पण त्या चुकल्या तर डोळ्यांत खुपतात. पात्राच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग सारांशात एक आणि उपशीर्षकांत दुसरे असू नये, एवढे सांभाळणे कोणालाही जमते, तरी नेमके तेच राहून जाते. भाषेच्या रकान्यात नुसती मराठी लिहिली आणि चित्रपटाच्या पहिल्याच प्रसंगात तेलुगू ऐकू आली, तर प्रवेशिका बेफिकिरीने भरली आहे अशी शंका येते. दोन्ही भाषा लिहिल्या, तर घर आणि शाखा यांतले अंतर सारांशात वेगळे सांगावेही लागत नाही. नीट उतरलेल्या सारांशाची चाचणी मात्र स्पेलिंगवर नसते. ज्याने पटकथा वाचलेली नाही आणि सोलापूरही पाहिलेले नाही, अशा माणसाला तो एकदा वाचायला द्यावा, कागद बाजूला ठेवायला सांगावा आणि मग आईला काम का सोडता येत नाही एवढेच विचारावे. त्याने ‘गरीब आहेत म्हणून’ असे उत्तर दिले, तर दुसरे वाक्य पुन्हा लिहावे लागते.

निवड झाल्यानंतर हाच मजकूर महोत्सवाच्या माहितीपुस्तिकेत जातो, आणि तिथे जागेअभावी तो बहुधा शेवटाकडून कापला जातो. प्रेक्षकासाठी शेवट उघड न करणारी पन्नास शब्दांची वेगळी आवृत्ती आधीच तयार असली आणि ती मुलीच्या निवडीपाशी थांबत असली, तर ही कापाकापी टळते. दीर्घ सारांशातही पहिल्या दोन वाक्यांत गुपित, पेपर आणि शिष्यवृत्तीची गाठ येऊन गेली, तर कात्री कुठेही चालली तरी गोष्ट उभी राहते.