वर्गणी बंद करणाऱ्याला पत्र

एका छोट्या मराठी मासिकाची वर्गणीदारांची वही काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. नवे वर्गणीदार नोंदवणं, पत्ते बदलणं, जानेवारीत आठवण करणं, ही कामं कोणीही करू शकेल. अवघड काम एकच. कोणी 'अंक बंद करा' असं कळवलं, तर त्याला पत्र लिहिणं.

मुळात इथे दोन प्रकारची माणसं असतात आणि ती वहीत वेगवेगळी लिहावी लागतात. एक, ज्यांची मुदत संपली आणि ज्यांनी नूतनीकरण केलं नाही. यातले बरेचजण नुसते विसरलेले असतात, त्यांना आठवण पुरते. दुसरे, ज्यांनी मुदत शिल्लक असताना स्वतःहून बंद करा म्हणून कळवलं. यांनी काहीतरी ठरवलेलं असतं. विसरलेल्याला 'आमचं काय चुकलं?' विचारलं तर तो गोंधळतो, आणि ठरवून गेलेल्याला 'आपली वर्गणी बाकी आहे' असं लिहिलं तर तो दुखावतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात ठाण्याच्या एका वर्गणीदारांचा ईमेल आला. निवृत्त शिक्षक, अकरा वर्षांचे वर्गणीदार. मजकूर एका ओळीचा: 'यापुढे अंक पाठवू नये.' एप्रिलच्या अंकात मुस्लिम स्त्रियांच्या वारसा हक्कावर माझाच लेख होता. संपादकांनी लगेच निष्कर्ष काढला की सरांना तो लेख खटकला. 'तुमचंच नाव खाली असणार, तर पत्र तुम्ही लिहू नका,' असंही म्हणाले. मी म्हटलं, मीच लिहितो. कारण तेच असेल तर ते मलाच ऐकायला हवं.

पत्राच्या आधी पैसे. वर्षाची वर्गणी ६०० रुपये, अंक १२, म्हणजे अंकाला ५० रुपये. जानेवारी ते मे पाच अंक गेले होते, सात उरले. ३५० रुपये ज्या नंबरवरून वर्गणी आली होती त्यावर दुसऱ्याच दिवशी परत पाठवले. आपल्या फिकहमध्ये याला जवळची एक कल्पना आहे, इकाला. झालेला व्यवहार समोरच्याला नकोसा वाटला तर तो त्याच्या विनंतीवरून मूळ किमतीत, कमी-जास्त न करता, मोडून देणं. असं करणाऱ्याच्या चुका अल्लाह माफ करील, या आशयाची हदीस अबू दाऊद आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत आहे. मला यातला व्यवहाराचा भाग महत्त्वाचा वाटतो. पैसे अडकलेले असताना विचारलेला प्रश्न वसुलीसारखा ऐकू येतो. हिशोब मिटल्यावर विचारलेला प्रश्न नुसता प्रश्न राहतो.

तीन दिवसांनी हे पत्र गेलं:

'आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. आपल्या इच्छेप्रमाणे जूनपासून अंक थांबवला आहे. उरलेल्या सात अंकांचे ३५० रुपये परत पाठवले आहेत. आपल्याला आणखी काही करायचं नाही.

एकच विचारायचं आहे. गेले दोन-तीन अंक घरी आले तेव्हा त्यांचं काय झालं? वाचले गेले, अर्धवट राहिले, की पोचलेच नाहीत? दोन ओळी लिहिल्यात किंवा खालच्या नंबरवर मिस कॉल दिलात तरी चालेल, मी फोन करीन. उत्तर दिलं नाहीत तरी काही बिघडत नाही.

आपला वर्गणीदार क्रमांक वहीत तसाच राहील. पुन्हा अंक हवासा वाटला तर फक्त निरोप द्या. याबद्दल आम्ही आपणहून पुन्हा लिहिणार नाही. अकरा वर्षं साथ दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार.'

यात 'आपण अंक का बंद केलात?' हा प्रश्न नाही, हे लक्षात आलं असेल. 'का' विचारलं की माणूस स्वतःचा बचाव करतो आणि सभ्य कारण शोधतो. आपल्याकडे दोन सभ्य कारणं तयार असतात, वेळ मिळत नाही आणि परवडत नाही. खुणा करायला कारणांची यादी दिली तर बहुतेकजण याच दोनवर खूण करतात आणि आपल्या हाती काहीच लागत नाही. 'अंकाचं काय झालं?' या प्रश्नाला मात्र घडलेली गोष्टच सांगावी लागते.

यात सवलतही नाही. 'पुन्हा चालू केलंत तर निम्म्या किमतीत देऊ' असं लिहिलं असतं, तर सरांना कारण सांगायचं सोडून सौद्याला हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. शिवाय नियमित पूर्ण पैसे भरणाऱ्यावर तो अन्याय झाला असता.

नवव्या दिवशी मिस कॉल आला. मी फोन लावला. सर म्हणाले, 'डोळ्यांचा पडदा खराब झालाय. मोठी अक्षरं दिसतात, तुमची नाही दिसत. एप्रिलचा तुमचा लेख मुलीने पूर्ण वाचून दाखवला. पण तिला रोज कुठे वेळ असतो? अंक टेबलावर तसाच पडलेला बघून वाईट वाटतं, म्हणून तिलाच मेल करायला सांगितला.'

मी पीडीएफ पाठवू का विचारलं, फोनवर अक्षर मोठं करता येतं. ते म्हणाले, 'बघतो.' मी पुढे आग्रह केला नाही. दार उघडं ठेवायचं ते त्यांना हवं तेव्हा येता यावं म्हणून. आपण सारखे उंबऱ्यावर उभे राहून हाका मारत राहिलो तर त्याला काही अर्थ नाही.

संपादकांनी वही पुन्हा काढली. सत्तरीपुढच्या ज्या वर्गणीदारांनी वर्षभरात अंक बंद केला होता, त्यातल्या ज्यांचे नंबर होते अशा पाच जणांना मी हाच प्रश्न विचारला. दोघांनी अक्षराचंच सांगितलं. ऑगस्टपासून आम्ही मजकुराचा टाइप साडेदहावरून बारा पॉइंट केला. पानं वाढवली तर कागद आणि टपालखर्च दोन्ही वाढतात, म्हणून दर अंकात एक लेख कमी घेतो. लेखकांची त्यावर कुरकुर आहे.

या पत्राची मर्यादाही सांगायला हवी. उत्तरं थोडीच येतात, आणि ज्यांना अजून थोडी आपुलकी आहे तेच देतात. खरोखर चिडलेला माणूस गप्पच राहतो. म्हणून दोन-तीन उत्तरांवरून 'वाचकांना काय हवं' हे ठरवता येत नाही. वहीत पडताळता येईल असं एखादं कारण मिळालं, तरच त्यावर काही करता येतं.

आणि त्या लेखामुळे गेलेलेही एकजण होतेच, सोलापूर जिल्ह्यातले. त्यांनी स्पष्ट लिहिलं, 'घरातली धुणी चव्हाट्यावर धुणाऱ्या मासिकाला मी पैसे देणार नाही.' मी उत्तर लिहिलं, 'वालेकुम सलाम. कारण स्पष्ट कळवलंत, आभारी आहे. उरलेले पैसे पाठवले आहेत. असे लेख पुढेही येतील, त्यामुळे आपला निर्णय समजू शकतो. आपला क्रमांक वहीत आहे.' तिथे वाद घातला असता तर कारण विचारणं हे नुसतं निमित्त ठरलं असतं, आणि असे लेख थांबवू म्हटलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं.

दोघांपैकी कोणीही अजून परत आलेलं नाही. त्यांच्या क्रमांकांवर मी दुसरी नावं चढवलेली नाहीत.