पावसात मोजलेलं व्होल्टेज

‘व्होल्टेज योग्य आढळले. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ वीज कंपनीकडून आलेलं हे दोन ओळींचं उत्तर मी अजून जपून ठेवलंय. हातात घेतलं की आजही संताप येतो. त्या जानेवारीत आमच्या एका डीपीवर सात मोटरी जळाल्या होत्या, गहू ओंबीत आला होता आणि पाण्याची एक पाळी चुकली तर दाणा पोचट राहणार होता.

आमची डीपी 63 केव्हीएची. तिच्यावर 5 एचपीची 19 कनेक्शनं, म्हणजे 95 एचपी. एका एचपीला साधारण एक केव्हीए धरतात, तेव्हा हिशेब कुणालाही कळेल. आमच्या बाजूची सात कनेक्शनं एकाच लाइनवर, आणि शेवटची विहीर माझ्या चुलत्यांची, डीपीपासून सव्वा-दीड किलोमीटर लांब. सर्वांत आधी जळाली ती त्यांचीच मोटर. शेतकरी गटाचं लिहिणं-वाचणं माझ्याकडे असल्यामुळे पत्र मीच लिहिलं: सात मोटरी जळाल्या, नुकसानभरपाई द्या, व्होल्टेज वाढवून द्या. खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. वापरला तो प्रत्येक शब्द खरा होता, पण आकडा एकही नव्हता.

त्या पत्रावर कंपनीचा माणूस आला, ही गोष्ट खरी. पण तो आला कधी, ते ऐका. दोन दिवस अवकाळी पाऊस लागला होता. शिवारात एकही मोटर चालू नव्हती, कारण वाफ्यांमध्ये पाणी उभं होतं. तो डीपीपाशी थांबला, पेटी उघडून मीटर लावला आणि 428 लिहून घेऊन निघाला. चुलत्यांच्या विहिरीपर्यंत गेला नाही, कुणाला बोलावलं नाही. रिकाम्या डीपीवर 428 येणारच. भार नसताना तारेत ओढच नसते. मीटर बरोबर होता, आकडाही बरोबर होता. मात्र सात जळालेल्या मोटरींशी त्या आकड्याचा काडीचाही संबंध नव्हता. याच आकड्यावर आमची तक्रार बंद झाली. मोजायलाच कुणी आलं नसतं तर एवढं लागलं नसतं. चुकीच्या वेळी मोजून त्याला पुरावा म्हणायचं, हे मला आजही पचत नाही.

चुलते म्हणाले, “तू परत लिही. पण या खेपेला त्यांना पळवाट ठेवू नको.”

आधी तालुक्याला मोटर भरणाऱ्याकडे गेलो. आमच्या सातही मोटरी त्याच्याकडेच होत्या. त्याने एकेक स्टेटर उजेडात धरून दाखवला. पाच मोटरींची सगळी वेटोळी सारखीच करपली होती, वार्निशचे पापुद्रे निघत होते. उरलेल्या दोन्हींत काही वेटोळ्यांचा कोळसा झाला होता आणि त्यांच्या शेजारची तांबूस, जवळजवळ नवी दिसत होती. “या दोन एक फेज गेल्यानं जळाल्या,” तो म्हणाला, “या पाच मात्र पूर्ण तापून गेल्या. भार जास्त किंवा व्होल्टेज कमी.” गटातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की सातही मोटरी एकाच कारणात लिहाव्यात, भरपाईचा आकडा मोठा होईल. मी ऐकलं नाही. त्या दोन मोटरी त्यात घातल्या असत्या तर कंपनीने तेवढ्यांवर बोट ठेवून बाकीच्या पाचही खोट्या ठरवल्या असत्या.

मोटरी भरून परत बसल्यावर गटाच्या पैशातून टाँग टेस्टर आणला. नऊ दिवस, पाळी सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने, चुलत्यांच्या स्टार्टरवर तिन्ही फेजमधलं व्होल्टेज आणि प्रत्येक तारेतला करंट वहीत लिहीत गेलो. अर्धा तास एवढ्यासाठी, की ऑटो स्विचमुळे वीज येताच सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि व्होल्टेज क्षणभर फारच खाली जातं. तो आकडा दाखवला तर समोरचा म्हणतो, हे तर सुरुवातीचंच आहे. नऊ दिवसांत सर्वांत कमी भरलं 318, आणि एकदाही 330 च्या वर गेलं नाही. मोटरीच्या पाटीवर 415 व्होल्ट आणि 7.5 अँपिअर लिहिलंय. 318 वर ती 10.5 अँपिअर घेत होती. पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून व्होल्टेज कमी झालं की मोटर करंट जास्त खेचते. वेटोळ्यातली उष्णता वाढते ती करंटच्या वर्गाने; म्हणजे करंट 1.4 पट झाला की उष्णता जवळजवळ दुप्पट. मोटरीवर हात ठेवला तर टिकत नव्हता.

दुसऱ्या पत्रात भरपाईचा शब्द काढून टाकला. मागितली ती फक्त मोजणी. मात्र ती कशी व्हावी ते सविस्तर लिहिलं: ‘दिवसपाळी सुरू झाल्यानंतर अर्ध्या तासाने, सर्व पंप चालू असताना, डीपीच्या पेटीवर आणि लाइनच्या शेवटच्या विहिरीवर एकाच वेळी, तिन्ही फेजमधील व्होल्टेज व करंट आमच्या समक्ष मोजून पंचनामा करावा व त्याची प्रत द्यावी.’ दोन्ही टोकं एकाच वेळी मोजायला सांगण्यात सगळं येतं. डीपीवरच आकडा खाली असेल तर डीपी अपुरी किंवा मागून येणारा पुरवठाच कमी. डीपीवर ठीक आणि विहिरीवर कमी असेल तर दोष लाइनचा. एकच टोक मोजलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. वीज नियामक आयोगाच्या कृतिमानकांत कमी दाबाच्या ग्राहकाला 6 टक्क्यांच्या वर-खाली सूट नाही, म्हणजे 415 च्या जागी किमान 390. हे वाक्यही घातलं. वहीच्या पानांच्या झेरॉक्स आणि पाच मोटरींबद्दल मोटर भरणाऱ्याचं लेखी म्हणणं जोडलं. आवकचा शिक्का घेतल्याशिवाय उठलो नाही.

सोळाव्या दिवशी अभियंता आणि वायरमन आले. वीज आली, अर्धा तास गेला. डीपीवर 386, चुलत्यांच्या विहिरीवर 318. अभियंता तरुण होता. त्याने दोनदा मोजून पाहिलं आणि काहीही न बोलता तसंच लिहून घेतलं. मग स्टार्टरचं झाकण उघडून तो चुलत्यांना म्हणाला, “काका, ओव्हरलोड रिले डायरेक्ट का केलाय?” तो रिले जागेवर असता तर मोटर जळण्याआधीच बंद पडली असती. चुलते खाली बघत म्हणाले, “साहेब, सारखा पडायचा. रात्री बाराला चिखलातून किती वेळा येऊ?” त्या क्षणी मला अभियंत्याचा राग आला नाही, त्याचं बरोबर होतं. सातातल्या पाच पेट्यांत तीच गत होती. गटाच्या बैठकीत मी सर्वांना रिले परत लावायला सांगितलं. चौघांनी लावले. कुणाला दोष द्यावा ते मला ठरवता येत नाही: रिले लावला तर 318 वर पाणी मिळत नाही, काढला तर मोटर जाते.

पंचनाम्यावर आमच्या तिघांच्या आणि अभियंत्याच्या सह्या आहेत. आमच्या बाजूच्या लाइनसाठी वेगळ्या डीपीचं अंदाजपत्रक गेलं, दहा महिन्यांनी ती उभी राहिली, आणि आता शेवटच्या विहिरीवर भर पाळीत 396 येतं. मोटरी भरायचे पैसे मात्र आम्हीच दिले.

तुमच्या शिवारात मोटरी जळत असतील तर भरपाई मागण्याआधी मोजणी मागा. दोन्ही टोकांची, भारावर, आणि तुमच्या समक्ष.