हमी म्हणून जपलेलं पत्र

शेलूला भाड्याने राहायला आलो, तेव्हा दोन वर्षांत मुलुंडच्या नव्या घरात जाऊ असं बायकोला सांगितलं होतं. आता पाचवं वर्ष चालू आहे. पुनर्विकासाला दिलेल्या आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा सेक्रेटरी मीच होतो, त्यामुळे चूक कुठे झाली ते मला नेमकं सांगता येतं.

आम्ही बत्तीस सभासद. वाढीव कार्पेट किती, पार्किंग कोणाला, यावर आमच्या सभा रात्री अकरापर्यंत चालायच्या. बँक गॅरंटीवर मात्र दहा मिनिटंही बोललो नाही. सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या पुनर्विकास निर्णयात विकासकाने प्रकल्प खर्चाच्या वीस टक्के बँक गॅरंटी द्यावी, असं स्पष्ट आहे. आमच्या विकासकाने बँकेच्या लेटरहेडवरचं एक पत्र दिलं. गॅरंटीचा अर्ज विचाराधीन असल्याचं त्यात लिहिलं होतं. शिक्का होता, सही होती. मी ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून सभेत दाखवलं आणि सगळे निश्चिंत झाले.

खऱ्या गॅरंटीत लाभार्थी म्हणून सोसायटीचं नाव असतं. रक्कम, मुदत आणि सोसायटीने मागणी करताच पैसे देण्याचं वचन असतं. आमच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. त्या शाखेत जाऊन मॅनेजरला विचारलं असतं, तर एका सकाळीच कळलं असतं. मुदतही बघायला हवी. वर्षाची गॅरंटी आणि तीन वर्षांचं काम असेल, तर नूतनीकरणाची अट करारातच हवी.

याचं महत्त्व घर सोडल्यावर कळतं. मुंबईत आयओडी मिळाली की घरं रिकामी करतात, पण सीसी, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, बहुतेक वेळा जुनी इमारत पाडल्यावर येते, तीही आधी जोत्यापर्यंतच. मधल्या काळात रहिवाशाकडे ना जुनं घर असतं, ना नवं. तेव्हा त्याच्या हाती ती गॅरंटीच असते. आमची इमारत पडली आणि पालिकेचे प्रीमियम भरायला विकासकाकडे पैसे उरले नाहीत.

भाडं दरमहा अठरा हजार ठरलं होतं. बत्तीस घरांचे महिन्याला पाच लाख शहात्तर हजार होतात. अकरा महिन्यांचे चेक आगाऊ मिळाले, ते वटले. बाराव्यापासून काहीच आलं नाही. खरी गॅरंटी असती तर सोसायटीने त्यातून भाडी दिली असती.

मग मुलुंडचं भाडं परवडेना, म्हणून शेलू. तळमजल्यावरच्या काकू मुलीकडे वांगणीला गेल्या. परवा स्टेशनवर भेटल्या. ‘सेक्रेटरी, तो कागद अजून आहे ना जपून?’ त्यांनी विचारलं. त्यांना अजून वाटतं, त्या फोल्डरमध्ये आपले पैसे आहेत. गाडी येईपर्यंत मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. सभेत सांगायला हवं होतं ते.