बैल कामा लागले की कामाला गेले?

मोडी वाचता येते! म्हणजे मला, आणि तीही जुन्या घरगुती पत्रातली, मोबाइलवर आलेल्या फोटोतून! मावशीने आजोळच्या पेटीतल्या पत्राचा फोटो पाठवला तेव्हा वाटलं, हे आपल्याला काय जमणार. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग रेघ, तिला लोंबणारी अक्षरं, शब्दांमध्ये फट नाही, विरामचिन्ह नाही. मोडी लिहिणारा आधी अख्खी शिरोरेघ ओढायचा आणि मग बोरू शक्य तितका न उचलता लिहीत सुटायचा!

पण मायना ठरलेला असतो! ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ इथे असणारच, हे ठाऊक असलं की त्यातूनच या माणसाचा स, न, व, त हाती लागतो. ते नमुने कापून बाजूला ठेवले आणि खालच्या ओळी अक्षरशः बोलायला लागल्या. टंकताना फोटोतली एक ओळ म्हणजे माझीही एक ओळ. शब्द मी तोडायचे, पण शुद्धलेखन सुधारायचं नाही. ऱ्हस्वदीर्घ मोडी पाळतच नाही, म्हणून ते सगळीकडे एकाच ठरावीक पद्धतीने. शंका आली की चौकोनी कंस आणि प्रश्नचिन्ह, घडीत गेलेल्या अक्षरांना कंसातच टिंबं. अडून बसायचं नाही, पुढे जायचं! (अंदाज बिनकंसाचा लिहिला, तर महिन्याभराने तो आपल्यालाच खरा वाटतो.)

सातव्या ओळीत आलं ‘बैलकामालागले’. बैल कामा लागले, की कामाला गेले? ‘ग’वरची मात्रा शिरोरेघेत बुडाली असेल तर दुसरं. दोन्ही अर्थ चपखल! म्हणून दोन्ही टंकले:

```
७. बैल [कामा लागले? / कामाला गेले?]
```

पुढे तेराव्या ओळीत ‘मुंबईस गेले’ सापडलं, मात्रा रेघेच्या वर ठसठशीत. एकविसावीतही तसंच. हा गृहस्थ मात्रा गिळत नाही! परत सातवी ओळ मोठी करून पाहिली, वर काहीच नाही. बैल कामा लागले. तरी पर्याय पुसला नाही, नुसती खूण केली. कमी उजेडातल्या फोटोत बारीक मात्रा हरवूही शकते. मूळ कागद बघेपर्यंत कंस राहणार.

आणि तारीख! ‘शके १७९[?]’, शेवटच्या आकड्यावर मागच्या बाजूची शाई उमटलेली. १ की ७, कळेना. पण शेजारी ‘युवनाम संवत्सरे’ स्वच्छ! संवत्सरं साठ, क्रम ठरलेला. १७९० च्या दशकात युव फक्त १७९७ लाच येतं. म्हणजे १८७५-७६! हा आकडा शाईने नव्हे, पंचांगाने दिला, म्हणून तोही कंसातच, पण प्रश्नचिन्हाशिवाय: १७९[७].

आता फाइलमध्ये `[` शोधला की सगळ्या अडलेल्या जागा ओळीने उभ्या राहतात. घडीवरच्या ओळीसाठी मावशीला सांगितलंय, कागद दाबू नको, दिवसा खिडकीशी धर आणि उजेड आडवा येऊ दे. ती म्हणाली, ‘‘अगं, पण त्यात पैशांचं काही आहे का ते आधी सांग!’’ आहे ना, बाराव्या ओळीत: ‘रुपये [पं……?]’. पंचवीस, पंचेचाळीस, पंच्याहत्तर, काहीही असू शकतं!