खर्च कशावर झाला, की केव्हा?

‘यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च’ एवढे शब्द दिसले की मुलं डोळे झाकून ‘महसुली’वर खूण करतात. दुरुस्ती महसुली आणि उभारणी भांडवली, असं त्यांनी पाठ केलेलं असतं. वस्तुनिष्ठ प्रश्न नेमकं हेच पाठांतर पकडतो. हिशेब शिकवताना मला वाटत आलंय की अशा प्रश्नात खर्चाचं नाव शेवटी वाचावं. मालमत्ता त्या वेळी वापरायला तयार होती का, हे आधी शोधावं.

समजा, एका कारखानदाराने जुना लेथ १,५०,००० रुपयांना घेतला. आणण्याचं भाडं ५,००० झालं, चालू करण्याजोगा व्हावा म्हणून दुरुस्तीला २०,००० लागले, पाया घालून बसवण्याची मजुरी ५,००० झाली. दुरुस्ती असली तरी ते २०,००० भांडवलीच, कारण त्याशिवाय लेथ कामाचाच नव्हता. यंत्र खात्यावर १,८०,००० दिसायला हवेत. पुढच्या वर्षी त्याच लेथचे पट्टे बदलले, तेलपाणी केलं, तर तो खर्च महसुली. चालू यंत्र चालू ठेवण्यापलीकडे त्यात काही नाही.

ते २०,००० चुकून दुरुस्ती खात्यावर टाकले तर? त्या वर्षीचा नफा तेवढ्याने घटतो. पण १० टक्के घसारा असेल तर वर्षभराचा २,००० घसारा आकारायचाही राहतो, म्हणून नफा प्रत्यक्षात १८,००० ने कमी दिसतो. ताळेबंदात यंत्रही तेवढ्यानेच कमी. चुकीचा परिणाम विचारणाऱ्या प्रश्नात २०,००० हा पर्याय हटकून असतो आणि घाईत तोच निवडला जातो.

रंगकामाचंही असंच. नव्या इमारतीचा पहिला रंग इमारतीच्या किमतीत जातो, दर काही वर्षांनी दिलेला हात नफा-तोटा खात्यावर. रक्कम मोठी आहे म्हणून पुन्हा दिलेला रंग भांडवली होत नाही. प्रश्नात ‘नव्या’, ‘जुन्या’, ‘खरेदीनंतर लगेच’ असे शब्द असतात. उत्तर त्यांच्यात असतं, म्हणून मी मुलांना त्यांच्याखाली रेघ मारायला लावते.

मजुरीतला सापळा मला अधिक घातक वाटतो. यंत्र बसवायला कारखान्यातलेच कामगार लावले की त्यांचा पगार सवयीने मजुरी खात्यावर पडतो आणि व्यापारी खात्यात पोहोचतो. माणसं रोजचीच असली तरी त्या दिवसांत ती यंत्र उभारत होती, म्हणून तेवढी मजुरी यंत्र खात्यावरच न्यावी लागते.

पण ‘वापरण्यापूर्वीचं सगळं भांडवली’ असं नवं पाठांतरही धोक्याचं. उतरवताना निष्काळजीपणाने यंत्र पडलं आणि मोडकं जोडायला पैसे गेले, तर तारीख वापरापूर्वीची असूनही तो तोटाच आहे; त्याने यंत्राची किंमत वाढत नाही. आणि वर्षानुवर्षं चाललेल्या यंत्राला जास्त शक्तीची मोटर बसवून उत्पादनक्षमता वाढवली, तर वापर केव्हाच सुरू झालेला असूनही तो खर्च भांडवली.